चादरींच्या आडोशाला

स्वतःचा पाण्याचा तांब्या जागेवर न ठेवणारा नवरा रोज सकाळी बायकोसाठी चादरी टांगू लागला, तेव्हाच अपेक्षाला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

डाळिंबाच्या बागांवरच्या व्हिडिओंना ती आवाज द्यायची. जुळे सोलापूरच्या या फ्लॅटच्या बेडरूममध्ये आधी आवाज नुसता घुमायचा. मग तिनं कोपरा आणि खोलीचा मध्य टाळून जागा शोधली, भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरी बांधली आणि पाठीमागे जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून सोडल्या. माइक तोंडासमोर असला तरी पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजही तो पकडतो. खाली सतरंजी अंथरली, पंखा बंद केला. टाळी वाजवली की आता खण्ण व्हायचं नाही.

हल्ली रोज त्या टांगणाऱ्या नवऱ्यानं, युवराजनं, तर कहर केला. दारावरही चादर अडकवली.

"आता कसं? आतलं भायेर न्हाय, भायेरचं आत न्हाय. सावकाश कर, घाई नको."

चादर खोलीतला घुमारा खाते, पलीकडचं बोलणं अडवत नाही, हे अपेक्षाच्या ओठांवर आलं होतं. पण एवढी माया पाहून तिला आनंदाऐवजी भीतीच वाटली. तिनं ते मनातच ठेवलं.

हा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. बारा वर्षं शाळेत घसा फोडून तिनं त्याचे हप्ते भरले होते. माहेरचं नाही, सासरचं नाही, आपलं म्हणावं असं तिला एवढंच होतं.

त्या दिवशी तिनं हेडफोन लावले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एक शब्दही बोलली नाही. पंखा बंद, खोली चिडीचूप. पॅसेजमधला युवराज दाराच्या फटीतून स्वच्छ ऐकू आला. मैंदर्गीच्या थोरल्या भावाशी, उदयसिंहशी, फोनवर बोलत होता.

"व्हय दादा, चादरीत बसलीय ती, कायबी ऐकू जात न्हाय. रविवारी तिला तिच्या आईकडं धाडतो. तवर गिऱ्हाईक फ्लॅट बघून जाईल की. सहीचं नंतर बघू, गोडीत घ्यू. तुझ्या दुकानाच्या पैशाचं काम अडणार न्हाय."

अपेक्षानं रेकॉर्डिंग थांबवलं. संशय खरा ठरल्याचं समाधान मुळीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आपण खोटं ठरायला हवं होतं.

तिनं दार उघडलं. युवराजनं फोन खिशात घातला आणि हसला.

"झालं एवढ्यात?"

"झालं. ऐका की, कसं आलंय."

तिनं हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. त्याचं हसू ओठांवरच वाळलं.

"रविवारी मी हितंच हाय," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाला चहा मी देते. फ्लॅट इकायचा न्हाय, ते बी मीच सांगते."