मंगळवारी पावणेसहा

माझा नवरा गाणी लिहितो. त्यात चांदणं असतं, वारा असतो, आणि कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत असतं. कुठे आणि किती वाजता, ते त्या दोघांनाही माहीत नसतं.

या वेळी मात्र पेटीवाले काकांनी गाणं परत पाठवलं. काका म्हणजे त्याचे संगीतकार. "चाल तयार आहे, गायक तयार आहे, पण तुझं गाणं कुठे घडतं तेच कळत नाही. बुधवारी रेकॉर्डिंग. नाही जमलं तर दुसऱ्याकडून लिहून घेतो." नवरा तोंड पाडून बसला.

मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते. त्याला म्हटलं, "मी 'संध्याकाळी या' म्हटलं की कुणी फिरकत नाही. 'सहाला या' म्हटलं की साडेसहाला उगवतात. पण 'पावणेसहा' म्हटलं की हजर! त्यांना वाटतं, खरंच कुणीतरी आपली वाट बघतंय. तुझ्या गाण्यातल्या बाईला वेळ दे."

त्याने वेळ दिली. शिवाय तारीख, बसचा नंबर, शर्टाचा रंग आणि रुमालाची घडीसुद्धा दिली.

"हा पंचनामा झाला," मी म्हटलं. "एक वार, एक वेळ, एक दुकान. बाकीचं ऐकणारा आपलं आपण भरतो. आणि दुकान फुलांचं नको, फुलं बघितली की सगळ्यांना आधीच सगळं कळतं."

रविवारी त्याने वाचून दाखवलं:

मंगळवारी पावणेसहा
चष्म्यांपाशी तुला पाहिले
शंभर चष्मे काचेमागे
एकालाही दिसलो ना मी

माझ्या अंगावर काटा आला. वा, म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमच्या घरात कुणालाच चष्मा नाही. मग हे दुकान आलं कुठून?

"कुठलं रे हे दुकान?"

"काकांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ना, ते."

"आणि ती कोण?"

"कोण नाही गं. सुचलं."

'सुचलं'! आजवर याला चांदण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. युक्ती माझीच होती, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तो काचेसमोर उभा असलेला मला स्वच्छ दिसत होता. मत्सराने माझा नुसता जळफळाट झाला. नणंदेला फोन केला तर ती खो खो हसली. "वहिनी, माझा भाऊ? त्याला स्वतःच्या लग्नाला वेळेवर पोचता आलं नाही!" हसणं तिला सोपं होतं, नवरा माझा होता.

मंगळवारी डोकं दुखतंय सांगून दवाखान्यातून लवकर निघाले आणि पावणेसहाला त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले.

दुकान बंद. शटर खाली, त्यावर पाटी: मंगळवारी सुट्टी.

मी पाटी वाचतेय तोवर कोपऱ्यावरून नवरा आला. एकटाच. मला बघून दचकला नाही, कारण त्याने मला बघितलंच नाही. तो शटरकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"अरे देवा! मंगळवारी बंद?" तो स्वतःशीच ओरडला. "काकांनी विचारलं, पावणेसहाला काचेवर ऊन असतं का, म्हणून बघायला आलो, तर इथे काचच नाही!"

इतकं खरं घाबरणं कुणाला नाटकात जमणार नाही. मंगळवारी इथे कुणाला भेटणारा माणूस असा ओरडला नसता. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, आणि मग त्याची दया आली.

"वार बदल," मी म्हटलं.

"कसा?" शटरवरची नजर न काढताच तो म्हणाला. "चालीत तिथे आठ मात्रा आहेत. मंगळवारी म्हणजे आठ. सोमवारी, शुक्रवारी सात, बाकी सगळे सहा. चाल आता बदलणार नाही." मग त्याला एकदम मी दिसले. "तू इथे काय करतेस?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग शटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बोटांवर मात्रा मोजायला लागला आणि पुटपुटला:

मंगळवारी पावणेसहा
बंद दुकानी थांबलीस का?

"सापडलं!" तो म्हणाला. "दुकान बंदच राहू दे. बंद दुकानापुढे कुणी उगाच थांबत नाही. चष्मे गेले चुलीत, इथूनच गाणं सुरू. सांग ना, का थांबली होतीस?"

आता हे गाणं घरोघर वाजणार, आणि गायक गोड गळ्याने मला तेच विचारत राहणार. लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुझ्यावर पाळत ठेवायला आले होते," मी म्हटलं.

त्याने तेही बोटांवर मोजलं.

"नाही बसत," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात माझा हात धरला.