नोंदीतले व्हिडिओ

भवानी पेठेतल्या इंद्रजीतची थोरली बहीण रेश्मा तिच्या ऑनलाइन चॅनेलवर शिवणकाम शिकवायची. त्यानं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, रोज सकाळी सहाला फक्त नवे व्हिडिओ त्याच्या संगणकावर उतरवायची आणि त्यांची नोंद एका फाइलीत ठेवायची. डिस्क भरली तेव्हा त्यानं जुने पुसले. स्क्रिप्ट परत आणेल की!

नोंद मात्र राहिली. उतरवलेलेच समजून स्क्रिप्ट ते रोज वगळत गेली.

रेश्मा वारली. दाजींना तिचा आवाज सोसवेना. त्यांनी चॅनेलच काढून टाकलं.

"तुज्याकडं हायेत की समदे," आई म्हणाली. "लाव."

फाइलीत एकशे ऐंशी ओळी. फोल्डरमध्ये चारच व्हिडिओ, तिच्या आजारपणातले, तिला बोलवत नव्हतं तेव्हाचे. नुसते हात आणि मशीनची घरघर. त्यानं एक लावला.

"आवाज वाढव की, इंद्रा."

"वाढवलाय, आई."