दोन टक्के माफ व्हावेत म्हणून
भांडण ह्यांचं, आणि विकायच्या माझ्या पाटल्या! असा न्याय फक्त आमच्या घरीच.

आमच्या मुलाला, शरदचंद्रला, पुण्याच्या कॉलेजात घातला तेव्हा आम्ही गिरगावातल्या सहकारी बँकेतून पाच वर्षांच्या मुदतीचं कर्ज काढलं. जामीन राहिला इग्नेशियस, ह्यांचा ऑफिसातला जुना दोस्त. मागच्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या आठवड्यात तो आमच्या ओटीवर बसून म्हणाला, "मुंबई वेगळी राहिली तर काय बिघडतं? आमच्यासारख्या मूठभर माणसांना नंतर कोण विचारणार?" ह्यांच्या भाच्याचं डोकं लाठीनं फुटलेलं. हे ताडकन उठले आणि त्याला फितूर म्हणाले. इग्नेशियसनं टोपी उचलली नि गेला. तेव्हापासून त्याची बायको बेट्टी दिसली की मी मान खाली घालायची. का, तर नवऱ्याची अब्रू!

ह्या वर्षी ह्यांनी जाहीर केलं, "त्या माणसाच्या जामिनकीखाली मी एक दिवस राहणार नाही. कर्ज बंद!"

सोळाशे रुपये बाकी होते. सोनारानं माझ्या आईच्या पाटल्यांचे बरोबर सोळाशे सांगितले. मी नाही म्हणाले नाही. ह्यांचा राग माझ्या तोंडापेक्षा मोठा, म्हणून गप्प बसले. पण बँकेचा नियम होता की निम्मी मुदत व्हायच्या आधी कर्ज फेडलं तर बाकीवर दोन टक्के आकार. म्हणजे बत्तीस रुपये वर. ते कुठून आणायचे? हे अर्ज लिहायला बसले. मी मनात म्हटलं, नामंजूर होऊ दे रे देवा.

अर्ज झकास झाला. कर्ज खाते क्रमांक, शिल्लक रक्कम, कोणत्या तारखेला भरणार ते. एकही हप्ता चुकलेला नाही. पैसे आधीच आल्यानं बँकेला ते दुसऱ्या गरजू सभासदाला देता येतील. आणि पगारदार माणसाला हा आकार जड जातो, तरी संचालक मंडळानं तो माफ करावा.

तो घेऊन आम्ही दोघं बँकेत गेलो. मॅनेजर गंगाधरराव चष्मा पुसत म्हणाले, "कमलाकांतराव, पत्र उत्तम आहे. पण मंडळ दोन गोष्टी विचारेल. पैसे आणले कुठून? आणि घाई कशाची? दुसऱ्या बँकेचं कर्ज काढून आमचं बंद करणाऱ्याला माफी देत नाहीत."

"पैसे घरचे आहेत," हे म्हणाले. पाटल्यांचं नाव नाही काढलं. मी पदराखाली हात घेतले.

"मग लिहा तसं. मंडळ काय ठरवेल ते मी सांगू शकत नाही. मात्र एक वाट आहे. जामीनदारानंच लेखी कळवलं की मला मोकळं करा, आणि तुम्ही दुसरा जामीन देऊ शकला नाहीत, तर कर्ज बँकच परत मागते. तिथं आकार लागत नाही."

हे खूष! अर्जात 'पैसे घरचे आहेत' एवढी ओळ घातली आणि संध्याकाळीच मला घेऊन खोताच्या वाडीत, इग्नेशियसकडे. मला कशाला, तर एकट्यानं त्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती.

इग्नेशियसनं व्हरांड्यात उभ्या उभ्या अर्ज वाचला. मग ह्यांनी त्याच्याकडून कुठल्या दोन ओळी हव्यात ते सांगितलं.

"नाय लिहिणार," तो म्हणाला.

"अरे, तुझीच सुटका आहे!"

"मी लिहिलं की बँक काय समजणार? कमलाकांत बुडवा निघाला, म्हणून जामीनदार पळाला. असलं खोटं मी लिहू?"

"मी तुला फितूर म्हटलंय!"

"म्हटलंस. लागलं मला. अजून लागतंय. पण हप्ता चुकवलास का तू? मुंबई कुणाची ते ठरेल तेव्हा ठरेल रे. जामीन मी तुझा आहे, शेवटच्या हप्त्यापर्यंत."

इग्नेशियस माझ्याकडे वळला. "वैनी, घरचे पैसे म्हणजे ह्याच ना, आईच्या पाटल्या?"

मी हात लपवले नाहीत. आतून बेट्टी आली. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "किती दिवस झाले गं, तुझं कोलंबीचं भानोलं खाऊन!"

ह्यांनी अर्ज हातात घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "इग्नेशियस, भाच्याचं डोकं फुटलं होतं रे."

"ठाऊक आहे. मी हॉस्पिटलात येऊन गेलो. तू झोपला होतास बाकावर."

इग्नेशियस तिथं आल्याचं ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण ह्यांनाच ते माहीत नव्हतं. हे खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडले.

कर्ज मुदतीपर्यंत चाललं. पाटल्या अजून माझ्या हातात आहेत.