अर्जातली तीनशे बारा घरं

पायल इंगोले मंगरूळपीरहून कळव्याला आत्याकडे आली त्याला सात महिने होऊन गेले होते. भूगोलात बी.ए., त्यावर सहा महिन्यांचा जीआयएसचा कोर्स, आणि तीन महिने केलेलं घरपट्टीचं सर्वेक्षण, एवढीच तिची शिदोरी. संगणकावर नकाशे करायचे, त्यांवर घरं, रस्ते, गटारं बसवायची, हे काम तिला मनापासून आवडायचं आणि येतही होतं. पण बासष्ट ठिकाणी अर्ज धाडून झाले तरी एकाही ठिकाणाहून धड नकारसुद्धा आला नव्हता.

आता मुदतही संपत आली होती. आत्याच्या मुलाचं, सिद्धेशचं लग्न ठरलं होतं. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. नवी सून आल्यावर पायलनं झोपायचं कुठे, हा प्रश्न कुणी तोंडावर विचारला नव्हता. भीमाबाई आत्या फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला हळद आहे गं." पायलला त्यातलं जे कळायचं ते कळलं. परत गेलं की नोकरीचा विषय संपला, हेही तिला ठाऊक होतं. धाकट्या बहिणीला बारावीनंतर थांबवायचं की नाही, हे वडील पायलकडे बघूनच ठरवणार होते.

दिवसभर ती विहाराच्या अभ्यासिकेत सिद्धेशचा जुना लॅपटॉप घेऊन बसायची. तिथेच एका मंगळवारी तिला ती जाहिरात दिसली. ठाण्यात नौपाड्यातली एक लहान कंपनी, ज्युनिअर जीआयएस अ‍ॅनालिस्टची एक जागा, अनुभव नसला तरी चालेल, सोबत कव्हर लेटर हवं. खाली कामाचं स्वरूप लिहिलं होतं: नगरपरिषदांसाठी दुसऱ्या कंत्राटदारांनी केलेल्या मालमत्ता सर्वेक्षणाची तपासणी. चालू कामांच्या यादीत तिसरं नाव तिच्या शेजारच्या तालुक्याच्या गावाचं होतं.

पायलनं ते नाव पुन्हा वाचलं. तिनं जिथे तीन महिने दारोदार हिंडून काम केलं, तेच हे गाव.

तिच्या प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं असायचं: 'मी एक हजार चारशे बावन्न मालमत्तांचं प्रत्यक्ष सर्वेक्षण केलं आहे.' सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं. अकराशे चाळीस घरं तिनं खरोखर पालथी घातली होती. टॅबलेट हातात, टेप खांद्याला, दिवसाला वीस-बावीस घरं. कुत्री अंगावर यायची, बाया पाणी द्यायच्या, म्हातारे आधी जात विचारायचे आणि मग खोल्या दाखवायचे. पण शेवटच्या आठवड्यात नगरपरिषदेची मुदत आली आणि एक अख्खी वस्ती राहिली होती. सुपरवायझर प्रफुल्ल सरांनी सगळ्यांना ऑफिसात बसवलं आणि सांगितलं, की उपग्रहाच्या चित्रात छप्परं दिसतायत, त्यावरून भरून टाका. तळमजला की पहिला मजला, ते सावलीवरून ठरवा. जिथे कळत नाही तिथे 'घर बंद' टाका. पायलनं दोन दिवसांत तीनशे बारा घरं भरली. एकाच बंद दाराचा फोटो पंधरा-पंधरा घरांना लावला. सगळेच करत होते. तिनंही केलं.

आता हीच कंपनी ते काम तपासणार होती. नेहमीचा अर्ज पाठवला आणि त्यांनी तिचा लॉगिन उघडून पाहिला, तर दोन दिवसांतली तीनशे बारा घरं आंधळ्यालाही दिसली असती. ते वाक्य गाळून पाठवला, तर त्या कागदावर राहतंच काय? आणि पाठवलाच नाही, तर वीस तारखेनंतर गावची गाडी होतीच.

दोन दिवस तिनं काहीच केलं नाही. जेवणावरची वासना उडाली. शुक्रवारी दुपारी अभ्यासिकेत पंखा बंद पडला, मुलं उठून गेली, आणि ती एकटी उरली. आता लपवून तरी काय मिळतंय, असं मनाशी म्हणत तिनं जुनं पत्र पुसलं आणि नवं लिहायला घेतलं. इंग्रजी तिचं साधंच होतं, पण या वेळी कुठल्या नमुन्यातली वाक्यं उचलायची नव्हती, म्हणून ते भराभर उतरलं. मराठीत त्याचा अर्थ असा होता:

'मी अकराशे चाळीस घरं स्वतः जाऊन मोजली. माझ्या नावावर आणखी तीनशे बारा घरं आहेत. तिथे मी गेले नाही, ती मी ऑफिसात बसून भरली. ती शोधायला सोपी आहेत. सगळ्यांची वेळ शेवटच्या दोन दिवसांतली आहे. घरांचे बिंदू नकाशावर हातानं ठेवल्यामुळे जीपीएसच्या अचूकतेचा रकाना रिकामा आहे. फोटो पुन्हा पुन्हा तेच आहेत. चुकीची माहिती कशी तयार होते हे मला माहीत आहे, म्हणून ती मी शोधू शकेन. ही जागा मला फार हवी आहे.'

शेवटचं वाक्य असं लिहीत नाहीत, हे तिला कळत होतं. तरी तिनं ते ठेवलं, आणि पाठवायचं बटण दाबून लगेच लॅपटॉप मिटला.

सोमवारी फोन आला. अंतरा नावाच्या मुलीनं बुधवारी अकराला यायला सांगितलं.

आत्यानं इस्त्रीचा ड्रेस काढून दिला. ऑफिस म्हणजे एका दवाखान्याच्या वर तीन खोल्या, भिंतीला टेकून ठेवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या, आणि संगणकांपुढे बसलेली दहा-बारा माणसं. मालकीणबाई नीला सबनीस पन्नाशी ओलांडलेल्या, कॉटनच्या साडीतल्या. त्यांच्या टेबलावर पायलचं पत्र छापून ठेवलेलं होतं.

त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. संगणकावर त्या गावाचा नकाशा उघडला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. म्हणाल्या, दाखवा. पायलनं स्वतःच्या लॉगिनचे बिंदू वेगळे काढले, तारखेनुसार लावले, अचूकतेचा रकाना रिकामा असलेले निवडले. पडद्यावर एक वस्ती पिवळी झाली. खाली आकडा आला, तीनशे बारा. मग तिनं न विचारता आणखी एक गोष्ट केली. पिवळ्या वस्तीतल्या एका लांबट छपरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मी तळ अधिक एक असं भरलंय. पण ही सावली घराची नाही, मागच्या चिंचेची आहे. तेव्हा घाईत कळलं नाही."

सबनीसबाईंनी चष्मा काढला. "आम्ही शंभरातली पाच घरं निवडून तपासतो. त्यात ही वस्ती कदाचित आलीही नसती. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं," पायल म्हणाली.

मग बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी सावकाश, शब्द जपून सांगितलं. काम तिला येतं, याबद्दल शंका नाही. असं पत्र त्यांनी बावीस वर्षांत वाचलेलं नाही. पण ज्या सर्वेक्षणाची तपासणी चालू आहे, त्यातच काम केलेल्या माणसाला नोकरीवर घेतलं, तर नगरपरिषद उद्या त्यांचा अहवाल केराच्या टोपलीत टाकेल, आणि ते बरोबरच असेल. तेव्हा आत्ता तिला घेता येत नाही.

पायलला वाटलं, खोटं लिहिलं असतं तर आज ना उद्या पकडली गेली असती, आणि खरं लिहिलं म्हणून दार बंद झालं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "हे पत्र तुम्ही नोकरीसाठी लिहिलंत. तुमच्या परवानगीशिवाय मी ते कुणाला दाखवणार नाही. पण दाखवलं, तर ती अख्खी वस्ती पुन्हा मोजावी लागेल. तुमचं उत्तर काहीही असो, नोकरीचा त्याच्याशी संबंध नाही. हो म्हटलंत म्हणून मी जागा देऊ शकत नाही."

पायलनं तासाभराचा वेळ मागितला. चालत तलावपाळीला गेली, कठड्यापाशी उभी राहिली आणि प्रियांकाला फोन लावला. प्रियांका तिच्याच तुकडीतली, अजून त्याच कंत्राटदाराकडे होती. पायलनं सगळं सांगितलं.

"तू तर सुटलीस तिथून," प्रियांका म्हणाली. "माझ्या घरात कमावणारं दुसरं कोण आहे, तुला माहीत आहे."

"मी तुझं नाव नाही घेणार."

"नाव कशाला लागतं? एकीचं उघडलं की सगळ्यांचं उघडतं. तुला नोकरी देतायत का त्याबद्दल?"

"नाही."

"मग कशासाठी करतेस बाई?"

पायलला फक्त ते एक बंद दार आठवत होतं, ज्याचा फोटो तिनं पंधरा घरांना लावला होता. त्या पंधरा घरांत कोण राहतं, हे तिला माहीत नव्हतं. पण घरपट्टीची नोटीस त्यांच्या दारी जाणार होती, आणि त्यांनी नगरपरिषदेत खेटे घातले तरी तिथला कारकून पडद्यावरचा, तिनं भरलेला मजला दाखवून त्यांना परत पाठवणार होता. हे तिनं प्रियांकाला सांगायचा प्रयत्न केला. प्रियांकानं मध्येच फोन ठेवला.

ती परत वर गेली आणि म्हणाली, की दाखवा, पण त्यात फक्त माझं नाव आणि माझीच घरं असू द्या. दुसऱ्या कुणाबद्दल मी काही सांगणार नाही. सबनीसबाईंनी कोरा कागद दिला. तिनं मराठीत निवेदन लिहिलं, खाली सही केली. निघताना बाई दारापर्यंत आल्या. अहवाल गेल्यावर विचार करू, एवढंच म्हणाल्या. असं पुष्कळ लोक म्हणतात, हे सात महिन्यांत पायल शिकली होती.

कळव्याला येऊन तिनं आत्याला सांगितलं की काम झालं नाही. आत्यानं कारण विचारलं, आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं, फोटोच्या दारासकट. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भरलंस तेव्हाच लाज वाटायला हवी होती." आणि थोड्या वेळानं पाटा धुता धुता, "हळद झाली तरी लगेच जाऊ नकोस. सिद्धेश महिनाभर मित्राच्या खोलीवर राहील नवरीला घेऊन. मी बोलते त्याच्याशी."

सिद्धेश काही मित्राकडे गेला नाही. नव्या नवरीला ते पटणारही नव्हतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी पायल मंगरूळपीरच्या गाडीत बसली. पावसाळाभर ती एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे सातबारे काढून देत होती. वस्तीची फेरमोजणी झाल्याचं तिला तिथेच एका गिऱ्हाइकाकडून कळलं. कंत्राटदारानं ती स्वखर्चानं करून दिली, आणि त्यासाठी जी पोरं-पोरी उन्हापावसात हिंडली त्यांत प्रियांका होती. तिची नोकरी गेली नाही. पण तिनं आपल्या फोनवर पायलचा नंबर ब्लॉक करून टाकला, तो टाकलाच.

ऑक्टोबरात सबनीसबाईंच्या ऑफिसातल्या अंतराचा मेल आला. अहवाल मंजूर झाला आहे. अ‍ॅनालिस्टची जागा भरली गेली आहे, पण नाल्यांचे नकाशे करायला सहा महिन्यांसाठी एक शिकाऊ हवा आहे. परीक्षा द्यावी लागेल. इतर तिघांबरोबर. पुढच्या मंगळवारी.

पायलनं तो मेल वडिलांना वाचून दाखवला. वडील म्हणाले, "शिकाऊच ना?"

"शिकाऊच," ती म्हणाली, आणि दुकानदाराला चार दिवसांची सुट्टी मागायला निघाली.