नमुन्यातली खुर्ची

परीक्षा मंडळाच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं : उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना लिहिणं. 'उत्तरे लिहिण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य त्यांचं. ते लाखो मुलांच्या हाती गेलं आणि त्यातल्या एकानंही ते वाचलं असेल असा पुरावा त्यांना निवृत्त होईपर्यंत मिळाला नाही. इमारतीत सगळे त्यांना सूचनाकाका म्हणत. तोंडावर आदराने, लिफ्टचं दार बंद झाल्यावर निराळ्या सुरात.

ट्रेडमिलचं प्रकरण झालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांची आठवण आली. प्रकरण साधंच होतं. सहाव्या मजल्यावरच्या विमा एजंटाने रहिवाशांच्या ग्रुपवर 'ट्रेडमिल, नव्यासारखी' एवढंच लिहून टाकलं. ती नव्यासारखी होती हे खरंच, कारण पट्टा पहिल्याच आठवड्यात अडकला होता आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत होते. ज्याने घेतली त्याने ग्रुपवर विचारलं. एजंटाने उत्तर दिलं. मग दोघांच्या बायकांनी दिलं. मग ज्यांचा ट्रेडमिलशीच काय, चालण्याशीही संबंध नव्हता अशांनी दिलं. एकशे सात मेसेज झाले. त्यात कुणाच्या तरी सासूबाईंनी मधेच सुप्रभातचा गुलाब टाकला, तोही टोमणा समजला गेला.

"काका, नियम हवेत," सेक्रेटरी दारात उभा राहून म्हणाला. "आणि खाली एक नमुना. लोकांना बघून लिहिता आलं पाहिजे."

"मला जमेल का?" काकांनी विचारलं. हा प्रश्न ते दूध उतू जात असतानाही विचारत.

"तुम्हाला नाही तर कुणाला?"

"काहीच करत नाहीत ते दिवसभर," आतून बायकोने शिफारस केली.

काकांनी चार दिवस घेतले आणि चौदा नियम केले. वस्तू स्वतःची, घरात वापरलेली असावी. दुकानदारी चालणार नाही. औषधं, गॅस सिलिंडर, खायच्या वस्तू आणि पाळीव प्राणी विकू नयेत. पोस्ट शनिवार-रविवारीच टाकावी. वय, स्थिती, दोष, किंमत आणि फोटो नसेल तर सेक्रेटरी ती काढून टाकेल. भावाची घासाघीस ग्रुपवर नको, खासगीत करावी. आणि काकांना सर्वांत अभिमान होता तो सातव्या, आठव्या आणि नवव्या नियमांचा. सातवा : जो पहिला 'घेतो' किंवा 'घेते' असं फ्लॅट नंबरासह लिहील त्याचा पहिला हक्क, मग लिहिल्याच्या क्रमाने पुढचे. आठवा : असं कुणी लिहिल्यावर विकणाऱ्याने माघार घेऊ नये, किंमत वाढवू नये, पोस्ट पुसू नये. नववा : वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर पोस्टमध्ये न सांगितलेली अडचण निघाली तर घेणाऱ्याला नकार देता येईल, मग हक्क पुढच्याचा.

राहता राहिला नमुना. काका खुर्चीत बसले होते. समोर काय लिहावं हे सुचेना, तेव्हा ज्यात बसले होते तेच लिहिलं. शनिवारी सकाळी साडेनऊला आधी नियमांचा मेसेज गेला. त्याच्या शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, 'खालील पोस्ट केवळ नमुन्यादाखल आहे.' ही ओळ 'अधिक वाचा' या शब्दांच्या बरीच खाली होती. मग दुसरा मेसेज गेला :

'विकणे आहे : लाकडी खुर्ची, उंच पाठीची, रुंद हातांची. वय : सव्वीस वर्षे. स्थिती : भक्कम, सुताराने घरी येऊन जागेवरच बनवलेली, एकही स्क्रू नाही. दोष : डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग. मागचा उजवा पाय किंचित आखूड, पुठ्ठ्याची घडी सोबत मिळेल. उठताना कुरकुरते. किंमत : पाचशे रुपये, ठरलेली. पैसे वस्तू नेताना. नेण्याची मुदत : तीन दिवस; हमालाची सोय घेणाऱ्याने करावी. पाहण्याची वेळ : संध्याकाळी पाच ते सात. फ्लॅट ३०२.'

फोटोशिवायची पोस्ट नियमात बसत नव्हती, म्हणून त्यांनी फोटोही जोडला.

नऊ बत्तीसला पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं : 'घेते. ५०१.'

काकांच्या हातून फोन सुटला नाही एवढंच. त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. तो तिथे भुंग्यासारखा गुणगुणत राहिला. त्याला उलटा करायचं धैर्य त्यांना दुपारपर्यंत झालं नाही. झालं तेव्हा त्यांनी 'क्षमस्व, तो फक्त नमुना होता' हे वाक्य लिहिलं, पुसलं, 'फक्त'च्या जागी 'केवळ' केलं, पुन्हा पुसलं. डॉक्टरीणबाईंना वाईट वाटेल. त्या विचारतील, मग टाकलंत कशाला? नऊ मसुदे झाले आणि एकही गेला नाही.

"अहो, विकताय म्हणे खुर्ची," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मघापासून ती तिथे मोबाईलवर काहीतरी खुडबुडत होती. "सव्वीस वर्षं मी काढा काढा म्हणतेय, ते नाही ऐकलंत. परक्या बाईने एक शब्द टाकला, लगेच तयार."

"अगं, तो नमुना होता."

"नमुना तर तुम्ही आहात. खुर्ची चांगली आहे."

संध्याकाळी सेक्रेटरी आला, तो हसतच. "काका, मानलं तुम्हाला! अकरा जणांनी नंबर लावलेत. दोष वाचून लोक खूश झालेत हो. पुठ्ठ्याची घडी सोबत मिळेल! कमाल!"

"अहो, पण ती विकायची नव्हती. शेवटची ओळ..."

"शेवटची ओळ मी वाचलीय," सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाला. "मी आणि तुम्ही. तिसरं माणूस दाखवा. आता नियम करणाऱ्यानेच पहिल्या दिवशी आठवा नियम मोडला, तर तो ट्रेडमिलवाला माझ्या उरावर बसेल. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

एकतीस वर्षं सूचनांवर जगलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे अन्यायच होता. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि दार लावून खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली.

ती काही भारी खुर्ची नव्हती. पण कचेरीतून परत आलेला माणूस जगात ज्या एका जागी कुणाला 'मला जमेल का' असं विचारत नसे, ती ही जागा होती. खिडकीचा उजेड डाव्या खांद्यावरून पुस्तकावर येई. त्यांच्या पाठीला सव्वीस वर्षांत तिच्या पाठीची सवय झाली होती. ती गेली तर ते वाचणार कुठे? पलंगावर झोप येई, आणि स्टुलावर बसलेला माणूस कुठल्याही क्षणी उठवला जाणार असं वाटे.

एकच वाट होती, नववा नियम. पोस्टमध्ये न सांगितलेली अडचण हवी. काका गुडघ्यांवर बसले आणि खुर्ची तपासू लागले. खालून पाहिलं, पाठीमागून पाहिलं. वाळवी नाही. फट नाही. त्यांच्या दुर्दैवाने खुर्ची पोस्टमध्ये लिहिलेल्या अक्षराला जागत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या प्रामाणिकपणाचा राग आला.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"राहिलेला दोष."

"एक राहिलाय की. तिच्यात बसलेल्या माणसाला हाक मारली की ऐकू जात नाही."

रविवारी बरोबर पाच वाजता डॉक्टरीणबाई आल्या. सोबत दोन हमाल होते, आणि पहिला व्यवहार डोळ्यांनी पाहायला सेक्रेटरी. बाईंनी डाग पाहिला, पाय हलवून पाहिला, बसून उठल्या, कुरकुर ऐकली. "अगदी लिहिल्याप्रमाणे," त्या समाधानाने म्हणाल्या. "हात किती छान आहेत हो! वर घरातच दवाखाना आहे, तिथे ठेवते. दाढ काढायच्या आधी लोकांना घट्ट धरायला काहीतरी लागतं."

आपल्या खुर्चीच्या नशिबी पुढे काय आहे हे ऐकून काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

हमालांनी खुर्ची उचलली आणि दारापर्यंत नेली. तिथे ती थांबली. सरळ जाईना. आडवी केली, हात अडकले. उभी उलटी केली, पाठ अडकली. तिरकी केली तेव्हा मागचे दोन पाय जिन्यात गेले आणि उरलेली खुर्ची घरात राहिली, आणि थोडा वेळ तर ती बाहेरही जाईना आणि आतही येईना.

"ही आत आली कशी?" मोठ्या हमालाने कपाळ पुसत विचारलं.

"आत आली नाही," काका हळूच म्हणाले. "इथेच बनवली. नंतर हे लोखंडी जाळीचं दार बसवलं, त्याच्या चौकटीने दोन्ही बाजूंनी जागा खाल्ली. सोसायटीनेच बसवलं, सगळ्यांकडे."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून टेप काढला. दाराची मोकळी जागा एकोणतीस इंच. खुर्ची तेहतीस. "म्हणजे माझ्याही दारातून जायची नाही," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही डाग लिहिलात, कुरकुर लिहिलीत, पुठ्ठा लिहिलात. मापं नाही लिहिलीत?"

काकांच्या अंगावर काटा आला. आणि लगेच, लाज वाटायच्या आत, आनंद झाला. "नाही लिहिली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "न सांगितलेली अडचण. नियम नऊ!"

"नियम नऊ," बाईंनी मान्य केलं. "मला नको. चौकट काढा म्हणणं काही बरं दिसत नाही." त्या हमालांना पैसे देऊन हसत निघून गेल्या. जाताना त्यांनी काकांच्या वरच्या दाताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

हमालांनी खुर्ची खिडकीपाशी परत ठेवली होती. काका तिच्यात बसले. सव्वीस वर्षांत ती इतकी मऊ कधी लागली नव्हती.

"एक मिनिट," सेक्रेटरी फोन काढत म्हणाला. "नियम नऊचं दुसरं वाक्य. हक्क पुढच्याचा."

"पुढच्याच्या दारातूनही जाणार नाही ती!"

"ते त्याने ठरवायचं, तुम्ही लिहिलंय. बघू, दोन नंबर..." सेक्रेटरीने चष्मा वर केला. "नऊ तेहतीस. 'घेते. तीनशे दोन.'"

"तीनशे दोन म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

सेक्रेटरीने दारावरच्या आकड्यांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात पाचशेची नोट होती, घडी मोडलेली, आधीपासून काढून ठेवलेली. "मला दारातून न्यायची नाही," ती म्हणाली. "त्यामुळे अडचण काही नाही. धरा."

"अगं, पण तू तर काढा काढा म्हणायचीस!"

"म्हणजे काय? तुम्ही उठलात तर मला बसता येईल, म्हणून म्हणायचे. सव्वीस वर्षांत एकदा तरी म्हणालात, बस?"

काकांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. "घरातल्या माणसाने घेऊ नये असा नियम..."

"चौदात नाही," सेक्रेटरी म्हणाला. त्याने मनापासून खेद व्यक्त केला, आणि ही बातमी ग्रुपवर जायच्या आधी आपल्या बायकोला सांगता यावी म्हणून तो लगबगीने जिना उतरला.

काका उठले. खुर्ची कुरकुरली, पोस्टमध्ये लिहिल्याप्रमाणे. बायको बसली, रुंद हातांवर हात ठेवले, डोकं मागे टेकलं. खिडकीचा उजेड तिच्या डाव्या खांद्यावर आला. "हं," ती म्हणाली. एवढंच. ते ऐकून काकांना जरा अपराधी वाटलं, आणि मग बरंच.

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि फोन उघडला. आधी नमुन्याखाली 'विकली' असं लिहिलं, तसा अकरावा नियम होता. मग पंधरावा लिहिला : 'लांबी, रुंदी व उंची इंचांत द्यावी.' तो पाठवल्यावर बराच वेळ ते स्टुलावर चुळबुळत राहिले.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "संध्याकाळी, तू कामात असशील तेव्हा, तासभर... मी बसलो तर चालेल का?"

बायकोने डोळे उघडले नाहीत.

"त्याचं खासगीत बोलू," ती म्हणाली. "चहा आणा आधी. आणि डाव्या हातावर ठेवा, जागा ठरलेली आहे."