घरची पेटी

थंडी सुरू होताच माझ्या औषध दुकानवाल्या दादाने मला मुलासाठी सर्दी-तापाची पेटी भरून दिली. त्यात खोकल्याची तीन सिरपं, अँटिबायोटिक्स, सर्दीच्या गोळ्या. "सख्खा भाऊ आहे, डोळे झाकून घे," म्हणाला. मीही मूर्खासारखी पैसे मोजून घेतली.

काल त्याच्याकडे गेले, तर दोन वर्षांच्या भाचीला ताप. वहिनीने घरची पेटी उघडली. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, नाकात घालायचं सलाईन, ओआरएस. बस्स.

"आणि खोकल्याचं औषध?"

"इतक्या लहान मुलांना ते देऊ नये, असं हेच सांगतात. अँटिबायोटिक तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घरात येऊच देत नाहीत."

माझा बाळ्या भाचीपेक्षाही लहान आहे.

तेवढ्यात दादा आला. "काय गं, पेटी संपली? दुसरी भरून देऊ?"