रविवारचा डबा

इंजेक्शनची पेटी ठेवायला नर्सबाईंनी फ्रिज उघडला आणि कपाळाला हात लावला. आत बोट शिरायला जागा नव्हती. डब्यावर डबा, वाटीवर वाटी.

"आजी, हा फ्रिज आहे की संग्रहालय?"

आजी ओशाळवाणं हसल्या. "लेक आणतो रविवारी. पुरवून पुरवून खाते."

"म्हणजे हे मागच्या रविवारचं?"

"त्याच्याही आधीचं असेल थोडं. पण वास घेऊन बघा, जरासुद्धा आंबलेलं नाही. आणि फ्रिजमध्येच तर आहे!"

नर्सबाई स्टूल ओढून समोर बसल्या. उभ्याउभ्या सांगायची गोष्ट नव्हती ती.

"आजी, लिस्टेरिया नावाचा एक जंतू असतो. बाकीचे जंतू गारठ्यात गप्प बसतात, हा मात्र फ्रिजमध्येही हळूहळू वाढत राहतो. वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाचं फार तर पोट बिघडेल. पण तुमचं वय झालंय, आणि सांध्यांसाठी जे इंजेक्शन देते ना मी, ते तुमची प्रतिकारशक्ती कमी करतं. तुमच्या रक्तात शिरला, मेंदूपर्यंत पोचला, तर जिवावर बेतेल." मग एक गोल डबी उचलून त्यांनी विचारलं, "आणि हे?"

"मऊ चीज. कच्च्या दुधाचं. मला लहानपणापासून जीव की प्राण. त्याच्या ऑफिसच्या वाटेवर मिळतं."

"हे तर मुळीच नको. आणि उरलेलं गरम तरी करता का?"

आजी खिडकीकडे बघू लागल्या. एकटीच्या दोन घासांसाठी शेगडी पेटवायची, भांडं घासायचं, कोण करतं? खिडकीशी उभ्या राहून त्या गारच खात.

नर्सबाई गेल्यावर आजींनी एकेक डबा रिकामा केला. अन्न टाकताना मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली. पण खरं दुखणं वेगळंच होतं. लेक यायचा तो डब्यासाठी. आदल्या दिवशी रांधायचा, दारात गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहायचा, रिकामे डबे घ्यायचा, भरलेले द्यायचा. बायको गेल्यापासून त्याचं बोलणंच आटलं होतं. डबाच काय ते बोलायचा. आता डबा नको म्हटलं, तर तो येणार कशाला?

त्या रविवारी तो आला.

"आज दोन डब्या चीज आणलंय," तो म्हणाला. "ताजं आहे, खास तुझ्यासाठी."

घ्यावं, गप्प राहावं आणि मागून टाकून द्यावं, असं क्षणभर वाटलं. पण पोराशी खोटं बोलायचं, तेही दर आठवड्याला, ते काही जिभेला मानवेना. आजींनी सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं खातेयस. काही झालं का?"

"तेव्हा हे इंजेक्शन नव्हतं रे."

"म्हणजे मी दर आठवड्याला तुला विषच खायला घालत होतो म्हण ना."

"तसं नाही बाळा. पुरवून खायची खोड माझीच. थोडं आण, आपण लगेच गरम करून—"

"राहू दे. तुझ्या नर्सला विचारून खात जा." किल्ली फिरायची थांबली. "मग मी येऊन करू तरी काय?"

तो रागानं म्हणाला नव्हता. खरंच विचारत होता. तेच जास्त लागलं. आजी दोन पावलं पुढे झाल्या, तोवर तो डबे उचलून जिना उतरला होता.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, काम निघालंय म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी फोनही नाही. आजी रोज मूठभर काहीतरी ताजं शिजवत, वाफ निघत असतानाच खात. नर्सबाईंनी मोकळा फ्रिज बघून शाबासकी दिली. आजी म्हणाल्या, "हो, आता अगदी ऐसपैस झालंय," आणि तोंड फिरवून पाण्याचा पेला विसळू लागल्या.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात लेक. हातात कापडी पिशवी, चेहरा चोरासारखा.

"बटाटे, गाजरं, कांदे आहेत," तो म्हणाला. "कच्चंच आहे. धुऊन, शिजवून घेतलं की चालतं ना? मी फोन करून विचारलं तुझ्या नर्सला."

"चालतं की."

"मग... सूप कर. मी सोलून देतो."

तो जेवणाच्या टेबलाशी बसला. किल्ली खिशात ठेवली. सालं जाड निघत होती, पण आजी तो देईल ते तसंच चिरून पातेल्यात टाकत गेल्या. पातेल्यात पाणी खदखदू लागलं.

"किती वेळ लागेल?" त्यानं विचारलं.

"होईल. नीट शिजायला हवं ना," आजी म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाठ करून त्यांनी शेगडीची आच अलगद कमी केली.